टायफॉईड आणि पाण्यातली कावीळ: एका फुटलेल्या लाईनीचं कॅलेंडर, आणि आपण काय काय करायचं

मी अठ्ठावीस वर्षं आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली, बहुतेक सगळी सातारा जिल्ह्यात. टीसीएलची म्हणजे ब्लीचिंग पावडरची पोती, क्लोरीन तपासायची ओटीची बाटली, ग्रामपंचायतीला पाण्यावरून द्यायचं लाल-पिवळं-हिरवं कार्ड, यातच गेली. रिटायर होऊन पुण्याच्या कडेला मुलाकडे राहायला आलो आणि आमच्याच सोसायटीत पाण्याची भानगड झाली, म्हणजे आयुष्यभर गावोगाव ज्यावर बोललो ते माझ्या स्वतःच्या नळातून आलं. म्हणून हे लिहितोय. थोडं लांब होईल, पण तुमच्याकडे असं झालं तर तारीख-वार काय करायचं ते यात सापडेल.

झालं असं. १२ जूनला बाहेरच्या रस्त्यावर केबलसाठी खोदलं, आणि खोदताना पाण्याची लाईन आणि शेजारून जाणारी ड्रेनेजची लाईन दोन्ही दुखावल्या. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास येतं. पाणी चालू असतं तेव्हा लाईनीत प्रेशर असतं, त्यामुळे चिरेतून पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. पण पाणी बंद झालं की लाईन रिकामी होताना आतून ओढ लागते, आणि आजूबाजूच्या खड्ड्यात साचलेलं जे काही असेल ते चिरेतून आत शोषलं जातं, मग दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच तुमच्या टाकीत येऊन पडतं. चोवीस तास पाणी असलेल्या गावात हे कमी होतं, आपल्याकडे दीड-दोन तासांच्या पाण्यात हे रोज होऊ शकतं. म्हणून पहिली खूण ही की पहिल्या पाच मिनिटांचं पाणी बघायचं. आमच्याकडे १३ आणि १४ तारखेला पहिलं पाणी पिवळट आणि वासाचं होतं, वॉचमनने सांगितलंही होतं, आणि आम्ही सगळ्यांनी "पावसाळ्याचं गढूळ असेल" म्हणून सोडून दिलं. मी पण. १७ तारखेला लाईन दुरुस्त झाली आणि विषय संपला असं वाटलं.

आधी हे कॅलेंडर समजून घ्या

१५ ते १८ जून: दोन-चार घरांत जुलाब-उलट्या. कुणी म्हणालं पाणीपुरी, कुणी म्हणालं हॉटेल.

२७ जून ते ३० जून: तीन मुलं आणि एक मोठा माणूस, चौघांना ताप. टायफॉईड.

१२ जुलै: तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोराला कावीळ. रिपोर्ट हिपॅटायटिस ए.

२६ ते २८ जुलै: अजून दोघांना कावीळ, दोघंही चाळिशीतले. रिपोर्ट हिपॅटायटिस ई.

लोकांना वाटलं दर पंधरा दिवसांनी नवीन काहीतरी येतंय, पाणी अजून खराबच आहे. तसं नव्हतं. हे सगळं त्याच चार-पाच दिवसांच्या पाण्याचं होतं. प्रत्येक जंतूला शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला वेगळा वेळ लागतो. टायफॉईडला साधारण एक ते दोन आठवडे, कधी तीन. हिपॅटायटिस ए ला सरासरी चार आठवडे, म्हणजे १५ ते ५० दिवसांत कधीही. हिपॅटायटिस ई ला सरासरी साडेपाच-सहा आठवडे, दोन महिन्यांपर्यंतही जाऊ शकतं. म्हणजे एका नळातून तिन्ही घेतले तरी तिन्हींची गाडी वेगवेगळ्या वेळी स्टेशनात येते.

याचा उपयोग काय? एक तर कावीळ दिसली की मागे महिना-दीड महिन्याची तारीख काढायची आणि विचारायचं की तेव्हा कुठे खोदकाम होतं, कधी पाणी वासाचं आलं, कुठलं लग्न होतं. लोक कालच्या जेवणाला दोष देतात, ते चूक असतं. दुसरं, पाणी खराब आलं हे कळलं त्याच दिवशी वहीत तारीख लिहून ठेवा आणि पुढचे दोन महिने तापाच्या आणि काविळीच्या प्रत्येक माणसाला ती तारीख डॉक्टरला सांगायला लावा. डॉक्टरचं निम्मं काम होतं. तिसरं, जुलाब ही घंटा असते. चार घरांत एकाच आठवड्यात जुलाब म्हणजे पाण्यात मैला आलाय असं धरून चाला, टायफॉईड-काविळीची वाट बघू नका.

क्लोरीन टाकलं की झालं, हा गैरसमज

दिल्लीची गोष्ट सांगतो, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे. १९५५ चा शेवट. यमुनेचं पाणी जिथून उचलायचे तिथे नाल्याचं सांडपाणी उलटं येऊन मिसळलं. वॉटर वर्क्सच्या लोकांना पाणी बिघडल्याचं कळलं आणि त्यांनी क्लोरीनचं प्रमाण वाढवलं. त्यामुळे दिल्लीत टायफॉईड किंवा हगवण वाढली नाही, म्हणजे बॅक्टेरिया मेले. पण काही आठवड्यांनी कावीळ सुरू झाली आणि बघता बघता सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. तेव्हा सगळ्यांना वाटलं ही नेहमीची कावीळ, पण जपून ठेवलेलं त्या रोग्यांचं रक्त बऱ्याच वर्षांनी तपासलं तेव्हा कळलं की ती हिपॅटायटिस ए नव्हतीच, ती ई होती.

यातून घ्यायचं काय, तर टायफॉईडचा जंतू हा बॅक्टेरिया, तो क्लोरीनला लवकर मरतो. कावीळचे दोन्ही विषाणू चिवट, गढूळ पाण्यात मातीच्या कणांना चिकटून क्लोरीनपासून लपतात. म्हणून भारतीय मानकात नेहमीसाठी नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मागितलंय, पण जिथे विषाणूंपासून बचाव हवा तिथे किमान ०.५. आणि पाणी स्वच्छ दिसायला हवं, आणि क्लोरीन टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायला हवं. गढूळ पाण्यात दुप्पट टीसीएल टाकलं तरी समाधानच मिळतं फक्त.

पहिला दिवस: वास आला किंवा जुलाब सुरू झाले की

त्या दिवसापासून प्यायचं पाणी उकळायचं. तिन्हींवर एकच उपाय चालतो तो हा. आणि उकळणं म्हणजे वीस मिनिटं गॅस जाळायचा नाही, बायका अजूनही तसं करतात आणि मग दोन दिवसात कंटाळून सोडून देतात. पातेल्याला खळखळून उकळी फुटली, मधोमध बुडबुडे फुटतायत, त्यानंतर एक मिनिट, बस. महाबळेश्वरसारख्या ठिकाणीही इतकंच पुरतं. पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी स्वच्छ कापडाने गाळा, पण नुसतं गाळणं म्हणजे काहीच नाही, विषाणू कापडातून पाहुण्यासारखा निघून जातो. कँडल फिल्टरमधूनही जातो. आरओ चांगलं, पण मेंब्रेन जुनी, सर्व्हिस दोन वर्षं नाही, वरून त्याची साठवणुकीची टाकी कधी धुतलीच नाही, अशी अवस्था असेल तर भरवसा ठेवू नका, संकटाच्या काळात आरओचं पाणीही उकळा. यूव्हीचा दिवा पाणी स्वच्छ असेल तरच काम करतो.

मग खरी चूक पुढे होते. उकळलेलं पाणी माठात ओततात, माठ कालच्याच कच्च्या पाण्याने विसळलेला, आणि दिवसभर सगळे ग्लास बुडवून पाणी घेतात, त्या ग्लासच्या बाहेर हात लागलेला. उकळण्याचा सगळा खटाटोप पाण्यात गेला, अक्षरशः. माठ उकळत्या पाण्याने विसळा, झाकण ठेवा, आणि लांब दांड्याचं ओगराळं घ्या, ते माठाच्या बाजूच्या खिळ्याला टांगा, ओट्यावर पडलं की ते ओगराळं राहात नाही. त्याहून चांगलं म्हणजे खाली तोटी असलेला पिंप.

दात घासायला, कोशिंबिरीच्या काकडी-टोमॅटोला, बाळाच्या बाटलीला, लिंबू सरबताला उकळलेलंच. बर्फ पूर्ण बंद. हिपॅटायटिस ए चा विषाणू फ्रीजरमध्ये मरत नाही, जसाच्या तसा राहतो. जुलाब सुरू असतानाच बर्फाचा गोळा आणि उसाचा रस पिणारे आमच्याच सोसायटीत होते, त्यांची नावं सांगत नाही.

दुसरी पायरी: टाकी

आम्ही इथेच चुकलो. लाईन १७ ला दुरुस्त झाली पण खालच्या सम्पमध्ये ते पाणी आणि तळाचा गाळ तसाच होता, तो १ जुलैला साफ केला. मधले चौदा दिवस आम्ही त्याच्यावरच नवीन पाणी ओतत बसलो.

आमचा सम्प २० हजार लिटरचा, गच्चीवरची टाकी १० हजारची. पद्धत अशी. पाणी पूर्ण उपसून टाका. माणूस आत उतरवायच्या आधी झाकण काही तास उघडं ठेवा, हवा खेळू द्या, आणि वर कायम दुसरा माणूस उभा हवा, दोरी बांधून. बंद सम्पमध्ये उतरून माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या खऱ्या असतात. भिंती आणि तळ ब्रशने घासा, गाळ काढा, धुवा, ते पाणीही काढून टाका.

मग टाकी भरून तीव्र क्लोरीन. लिटरला ५० मिलिग्रॅम. आता गणित. २० हजार लिटर गुणिले ५० मिलिग्रॅम म्हणजे १० लाख मिलिग्रॅम, म्हणजे १ किलो क्लोरीन. पण टीसीएल पावडरमध्ये क्लोरीन साधारण ३३ टक्केच असतं, म्हणजे १ किलो क्लोरीनसाठी पावडर लागते ३ किलो. गच्चीच्या १० हजारला दीड किलो. प्लास्टिकच्या बादलीत कालवायचं, लोखंडी नको, तोंडाला रुमाल आणि हातात मोजे, वाऱ्याच्या विरुद्ध उभं राहायचं नाही. गाठी मोडा, थोडं थांबा, खाली चुन्यासारखा गाळ बसतो तो टाकायचा नाही, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड जवळपासही नको, विषारी वायू होतो. १२ तास तसंच ठेवा, घरोघरच्या नळांतून क्लोरीनचा वास येईपर्यंत थोडं सोडा म्हणजे पाईपही धुतले जातात, मग सगळं सोडून द्या आणि नवीन पाणी भरा. या बारा तासांत ते पाणी प्यायचं नाही हे लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरात लावा, आमच्याकडे एका आजोबांनी तरी चहा केलाच.

रोजच्यासाठी प्रमाण वेगळं. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे २० हजारला १०० ग्रॅम. पावडर ताजी हवी. पोतं उघडं राहिलं, दमट झालं, गोळे झाले, डोळ्याला झोंबणारा वास गेला की समजा ताकद गेली, मग तुम्ही टाकीत चुना टाकताय. नोकरीत मी असे कित्येक जलसुरक्षक पाहिले, रोज इमानदारीने मोजून पावडर टाकायचे आणि ओटीला रंगच यायचा नाही, कारण पोतं मागच्या वर्षीचं.

ओटी टेस्ट म्हणजे काय ते सांगतो. छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, किटवर लिहिलेत तेवढे थेंब ओटी द्रावणाचे टाकायचे आणि पटकन रंग बघायचा. पिवळा आला की क्लोरीन आहे, रंग आलाच नाही की नाही. बाटलीबरोबर रंगाचा तक्ता येतो, त्याच्याशी जुळवून ०.२ का ०.५ ते कळतं. ते द्रावण आणि ते तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, पोटात जाऊ द्यायचं नाही. टेस्ट टाकीजवळ करायची नाही, शेवटच्या घरात करायची, म्हणजे सगळ्यात लांबच्या नळाला. टाकीला पिवळं धमक आणि शेवटच्या नळाला पांढरं असं असेल तर मध्ये कुठेतरी क्लोरीन खाणारी घाण आहे.

पण ओटी फक्त क्लोरीन सांगते. मैला आहे का ते बघायला एचटूएस बाटली मिळते, त्यात पाणी भरून दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं तर गडबड. खात्रीचं हवं असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. बाटली त्यांचीच निर्जंतुक घ्या, घरची बिसलरीची चालत नाही. नळाचं तोंड पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. रिपोर्टमध्ये १०० मिलिलिटरमध्ये ई कोलाय शून्य हवा. हेही लक्षात ठेवा की या टेस्ट बॅक्टेरिया शोधतात, विषाणू नाही. दिल्लीसारखं होऊ शकतं. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी मी घरी अजून आठ-पंधरा दिवस उकळतच होतो.

ताप आला: टायफॉईड कसा ओळखायचा

टायफॉईडचा ताप एकदम चढत नाही, रोज थोडा थोडा वर जातो, संध्याकाळी जास्त. डोकं दुखतं, भूक जाते, जीभ पांढरी, पोटात दुखतं, मुलांना जुलाब, मोठ्यांना उलट बद्धकोष्ठ पण होतं. तीन दिवसांच्या वर ताप गेला आणि तुमच्या वहीत पाण्याची तारीख असेल तर डॉक्टरला ब्लड कल्चर विचारा, आणि ते अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी काढा. एक डोस पोटात गेला की जंतू सापडायची शक्यता घटते. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे टायफॉईड नाहीच असंही नाही, दहा खऱ्या पेशंटमध्ये सहा-सात जणांचंच पॉझिटिव्ह येतं.

विडाल टेस्टवर मी जास्त बोलत नाही, बोललो की लॅबवाले रागावतात. पण एकट्या विडालवर टायफॉईड ठरवणं चुकीचं आहे. आधी कधी टायफॉईड झाला असेल, जुनी लस घेतली असेल किंवा दुसरा कुठला ताप असेल तरी ती पॉझिटिव्ह दिसते. आमच्या चौघांपैकी एका मुलाला पाचव्या दिवशी विडाल निगेटिव्ह म्हणून व्हायरल सांगून परत पाठवलं होतं, कल्चरमध्ये आठव्या दिवशी निघाला.

कल्चरचा दुसरा फायदा म्हणजे कुठलं औषध लागू पडतंय ते कळतं. भारतातले बहुतेक टायफॉईडचे जंतू आता सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप काढून देऊ नका. योग्य औषध सुरू झालं तरी ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात, दुसऱ्या दिवशीच डॉक्टर बदलू नका. आणि ताप गेला म्हणून कोर्स अर्धा सोडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक पोटात जोरात दुखलं, पोट कडक झालं, किंवा शौचातून रक्त, काळी शौच झाली, तर रात्री दोन वाजता असेल तरी हॉस्पिटल, कारण आतड्याला भोक पडू शकतं.

बरा झालेला माणूस लगेच स्वयंपाकाला लागू नये. जंतू शौचातून काही आठवडे जातात, आणि शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षं राहतो, त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. घरात दरवर्षी कुणाला ना कुणाला टायफॉईड होत असेल तर स्वयंपाक करणाऱ्याची शौच तपासून घ्यायला डॉक्टरला सांगा.

कावीळ आली

डोळे पिवळे दिसायच्या आधी आठ दिवस मळमळ, बारीक ताप, तेलाच्या वासाने उलटी, लघवी चहासारखी. हिपॅटायटिस ए चा पेशंट सगळ्यात जास्त विषाणू पसरवतो तो पिवळा व्हायच्या आधीच्या दोन आठवड्यांत. म्हणजे डोळे पिवळे दिसल्यावर आपण त्याचं ताट वेगळं करतो तोपर्यंत घरात पसरून झालेलं असतं. तरी पुढचा एक आठवडा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, शक्य असेल तर त्याचा संडास वेगळा, नाहीतर वापरल्यावर फ्लशचं बटण, कडी आणि नळाची तोटी ब्लीचच्या पाण्याने पुसा.

हात साबणानेच धुवा, अंगठ्याच्या बुंध्यापर्यंत, नखांखाली, वीस सेकंद. सॅनिटायझरच्या बाटल्या आल्यापासून सगळे दोन थेंब चोळून मोकळे होतात, पण या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण नाही, त्यामुळे अल्कोहोल त्यांच्यावर फारसं चालत नाही. साबण-पाण्याने ते मरतातच असं नाही, पण धुऊन जातात, आणि तेच हवं.

काविळीला माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवतात, नाकात थेंब टाकतात. ए आणि ई दोन्ही बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून माळेला श्रेय जातं. त्या पिवळ्या पाण्याने काही होत नाही, पण पोटात दिलेल्या जडीबुटीने आधीच सुजलेल्या लिव्हरवर अजून भार पडतो, ते मात्र नको. पॅरासिटामॉलही डॉक्टरला विचारून. उसाचा रस म्हणाल तर ज्या गुऱ्हाळावर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळलेली असते तिथला रस काविळीला पाजणं म्हणजे कमालच. घरी जे पचेल ते खा.

पेशंट दिवसा झोपून रात्री जागतोय, असंबद्ध बोलतोय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त येतंय, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, ही लिव्हर बंद पडण्याची सुरुवात असू शकते. आणि गरोदर बाई असेल तर साधी कावीळ म्हणून घरी ठेवायचीच नाही. हिपॅटायटिस ई इतरांना सहसा सोडून देतो, पण शेवटच्या तिमाहीत झाला तर शंभरात वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. आमच्या शेजारची सून सात महिन्यांची होती, डोहाळजेवणासाठी ८ जूनला माहेरी गेली ती नशिबाने जुलैतच आली. मी तिच्या सासूला सांगितलं, टाकीचा रिपोर्ट काही येऊ दे, बाळंत होईपर्यंत हिला फक्त उकळलेलं.

आता लस: कोणती कुणाला, आणि कोणती चालतच नाही

इथे सगळ्यात मोठा घोळ. "आमच्या बाळाची कावीळची लस झालीये" असं दहापैकी नऊ आया म्हणतात. ती हिपॅटायटिस बी ची असते. बी रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला जाते, पाण्यातून नाही. त्या लसीचा ए आणि ई वर काही उपयोग नाही. बाळाचं कार्ड काढा आणि बघा, ए लिहिलंय का.

टायफॉईडची नवीन लस, कॉन्जुगेट, म्हणजे टीसीव्ही. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला चालते, एकच इंजेक्शन. नेपाळमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये तिने साधारण ८० टक्के टायफॉईड टाळला, म्हणजे पाच मुलांना होणार होता तिथे एकाला झाला. नवी मुंबईत महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ही लस मोहीम काढून दिली होती, एक लाखाच्या वर मुलं. बाकी ठिकाणी बहुतेक स्वतःच्या खर्चाने खासगीतच घ्यावी लागते. जुनी साधी लस दोन वर्षांखालच्यांना चालत नाही आणि तिचा असर तीनेक वर्षांत जातो, म्हणून विचारून घ्या की टीसीव्हीच आहे ना. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅराटायफॉईडवर ती चालत नाही. आणि असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे पाणी खराब आल्यावर घेऊन त्या पाण्याचा टायफॉईड अडत नाही, पुढचा अडतो. टायफॉईड होऊन गेलेल्या मुलालाही द्यायची, बरं झाल्यावर महिना-दीड महिन्याने, कारण एकदा झाला म्हणून परत होत नाही असं नाही.

हिपॅटायटिस ए ची लस एक वर्ष पूर्ण झाल्यावर. मेलेल्या विषाणूची असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असेल तर एक. काही लोक म्हणतात आमच्या लहानपणी कुठे होती लस, आम्ही मेलो का? त्यात तथ्य आहे. आमच्या पिढीला पाच वर्षांच्या आत विहिरीच्या पाण्यातून ए होऊन गेली, त्या वयात बहुतेकांना कावीळ दिसतही नाही, आणि प्रतिकारशक्ती जन्मभर राहते. पण फ्लॅटमध्ये आरओवर वाढलेलं पोरगं विसाव्या वर्षी होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्यांदा तो विषाणू घेतं, आणि त्या वयात तो जोरात आपटतो. तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा तीन आठवडे झोपून होता, सेमिस्टर गेलं. त्याच्या आईवडिलांना काही झालं नाही, पाणी एकच प्यायलेले. म्हणून लस मुख्यतः मुलांना आणि पंचविशीच्या आतल्यांना. मोठ्यांनी आधी रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या तर बऱ्याचदा लसीचे पैसे वाचतात.

ही लस संपर्कानंतर दोन आठवड्यांत दिली तरी अडवते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पोराच्या धाकट्या भावाला आम्ही १३ जुलैला नेऊन दिली. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं, जूनच्या पाण्यातून शिरला असेल तर आता उशीर झालाय, पण मोठ्या भावाकडून या आठवड्यात शिरला असेल तर अडेल. त्याला झाली नाही, कशामुळे ते कुणी सांगू शकत नाही.

हिपॅटायटिस ई ला आपल्याकडे लस नाही. चीनने २०११ मध्ये एक मंजूर केली, दक्षिण सुदानमध्ये २०२२ साली साथ आली तेव्हा वापरली, पण भारतात मेडिकलवर मागून मिळणार नाही. म्हणजे ई साठी फक्त पाणी आणि हात. सगळ्या लसी झाल्यात म्हणून उकळणं सोडलं तर नेमका तोच उरतो.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांसाठी एक. तिकडे जन्मलेली नातवंडं म्हणजे ए आणि टायफॉईड दोन्हींसाठी कोरी पाटी. आजीच्या हातचं सरबत म्हणून कुणी नाही म्हणत नाही. निघायच्या निदान दोन आठवडे आधी, जमलं तर महिनाभर आधी, दोन्ही लसी घ्या. परत गेल्यावर दोन महिन्यांत ताप किंवा कावीळ आली तर तिकडच्या डॉक्टरला भारतात होतो हे आपणहून सांगा, आणि तारखा सांगा. कोकणात-गोव्यात जाणार असाल तर तिसऱ्या आणि कालवं नीट शिजवूनच, शिंपलं उघडलं की लगेच उतरवायचं नाही. ते प्राणी पाणी गाळून जगतात आणि त्यातला विषाणू अंगात साठवतात.

सध्या आमच्या पंपरूमच्या दाराला एक वही टांगली आहे. वॉचमन रोज सकाळी पहिल्या पाण्याचा रंग आणि वास लिहितो, आणि सातव्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाची ओटी. परवा त्याने "फिका" लिहिलं होतं, मी जाऊन बघितलं तर टीसीएलच्या डब्याचं झाकण रात्रभर उघडं राहिलं होतं. नवीन डबा काढला.